एकाच तक्त्यातून निघालेली दोन पोस्टरं

७ नोव्हेंबर २०२३ रोजी बिहार सरकारने जातआधारित सर्वेक्षणाचा आर्थिक अहवाल विधानसभेत मांडला. जातींच्या लोकसंख्येचे आकडे त्याआधीच, २ ऑक्टोबरला, जाहीर झाले होते. या दुसऱ्या अहवालात प्रश्न होता उत्पन्नाचा. महिन्याला सहा हजार रुपये किंवा त्याहून कमी उत्पन्न असलेलं कुटुंब गरीब धरलं, आणि कोणत्या प्रवर्गात अशी किती कुटुंबं आहेत ते मोजलं. राज्यातल्या सुमारे पावणेतीन कोटी कुटुंबांपैकी ३४.१३ टक्के गरीब निघाली.

हा तक्ता हाती घेतला तर त्यातून एकमेकांना छेद देणारी दोन पोस्टरं अर्ध्या तासात तयार करता येतात. पहिल्यावर लिहायचं, ‘बिहारच्या गरिबांत सर्वांत मोठा वाटा अतिमागासांचा, अनुसूचित जाती तिसऱ्या क्रमांकावर.’ दुसऱ्यावर लिहायचं, ‘गरिबीचं प्रमाण अनुसूचित जातींत सर्वाधिक.’ दोन्हींतला एकही आकडा खोटा नाही. तरी पहिलं पोस्टर पाहणारा एक बिहार डोक्यात घेऊन जातो, दुसरं पाहणारा दुसराच.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे असे तक्ते आता देशभराचे येणार. ते वाचणारे, त्यांचे चार्ट करून फिरवणारे आणि प्रबंधात वापरणारे बरेच जण आपल्यातलेच असतील, घरातले पहिले पदवीधर. म्हणून बिहारचा हा छोटा तक्ता नीट उलगडून पाहू.

| प्रवर्ग | एकूण कुटुंबं (लाख) | गरीब कुटुंबं (लाख) | प्रवर्गातील गरीब (टक्के) |
|---|---|---|---|
| अनुसूचित जाती | ५४.७२ | २३.४९ | ४२.९३ |
| अनुसूचित जमाती | ४.७० | २.०० | ४२.७० |
| अतिमागास वर्ग | ९८.८४ | ३३.१९ | ३३.५८ |
| मागास वर्ग | ७४.७३ | २४.७७ | ३३.१६ |
| सर्वसाधारण | ४३.२८ | १०.८५ | २५.०९ |

(‘अन्य’ म्हणून नोंदलेली चाळीस हजारांच्या आसपासची कुटुंबं इथे सोडली आहेत.)

शेवटच्या रकान्यातला प्रत्येक टक्का त्याच ओळीतल्या एकूण कुटुंबांना भागून आलेला आहे. अनुसूचित जातींची ५४.७२ लाख कुटुंबं, त्यांतली २३.४९ लाख गरीब, म्हणून ४२.९३ टक्के. इथे छेद आहे प्रवर्ग. आता छेद बदलू. सगळ्या गरीब कुटुंबांची बेरीज ९४ लाखांच्या थोडी वर जाते. तिने भागलं की अतिमागास ३५ टक्के, मागास २६ टक्के, अनुसूचित जाती २५ टक्के, सर्वसाधारण साडेअकरा टक्के आणि अनुसूचित जमाती दोन टक्के. पहिलं पोस्टर इथून आलं.

पहिल्या हिशेबात प्रश्न होता, ‘या समाजातल्या कुटुंबावर गरिबी किती वेळा येते?’ दुसऱ्यात प्रश्न आहे, ‘गरिबांच्या रांगेत कोण किती उभे आहेत?’ रेशन दुकानांचं नियोजन करायचं असेल तर दुसरा प्रश्न कामाचा. पण जातीचा गरिबीशी संबंध काय हे सांगायचं असेल तर दुसरा प्रश्न दिशाभूल करतो, कारण त्याचं उत्तर मुख्यतः कोणत्या समाजाची संख्या किती यावर ठरतं. अतिमागासांची कुटुंबंच राज्यात जवळपास ३६ टक्के आहेत. गरिबांत ते ३५ टक्के असले तर त्यात नवल काय? अनुसूचित जाती मात्र कुटुंबांत २० टक्के आणि गरिबांत २५. सर्वसाधारण प्रवर्ग कुटुंबांत साडेपंधरा टक्के आणि गरिबांत साडेअकरा. हे दोन वाटे शेजारी ठेवले तरच दुसरा प्रश्न प्रामाणिक होतो.

सर्वांत जास्त नुकसान होतं आदिवासींचं. गरिबांच्या वर्तुळात त्यांची फाक दोन टक्क्यांची, पेन्सिलच्या रेघेएवढी. बघणाऱ्याला वाटतं, यांचा काही फार प्रश्न नाही. पण शंभर आदिवासी कुटुंबांतली जवळजवळ त्रेचाळीस गरीब आहेत, अनुसूचित जातींच्या अगदी बरोबरीने. संख्येने थोडं असणं आणि कमी गरीब असणं या दोन वेगळ्या गोष्टी त्या वर्तुळात एकच होऊन बसतात.

वर्तुळाचा, म्हणजे पाय चार्टचा, नियम साधा आहे. तो एकाच गोष्टीचे तुकडे दाखवतो आणि तुकड्यांची बेरीज शंभर व्हावी लागते. शेवटच्या रकान्यातले पाच टक्के हे एकाच गोष्टीचे तुकडे नाहीत, त्यांची बेरीज १७७.४६ होते. तरीही एक्सेलमध्ये तो रकाना निवडून पाय चार्टचं बटण दाबा, चार्ट निमूटपणे तयार होतो. एक्सेल त्या १७७.४६ ला शंभर मानतं आणि अनुसूचित जातींच्या फाकेवर २४ टक्के लिहून देतं. हा २४ काहीच सांगत नाही. वाईट म्हणजे तो गरिबांतल्या खऱ्या वाट्याच्या, म्हणजे २५ टक्क्यांच्या, इतका जवळ आहे की परीक्षकालाही शंका येत नाही. सर्वसाधारण प्रवर्गात मात्र तो उघडा पडतो. खरा वाटा साडेअकरा, एक्सेलचा चौदा. त्यामुळे चार्ट काढण्याआधी रकान्याची बेरीज करून पाहावी. शंभर येत नसेल तर तिथे वर्तुळ काढता येत नाही.

या तक्त्याला शोभतो तो आडवा स्तंभालेख. पाच पट्ट्या, वरून खाली मोठ्यापासून लहानाकडे, प्रत्येकीच्या टोकाला तिचा आकडा. आडवा अशासाठी की ‘अनुसूचित जमाती’ हे नाव उभ्या पट्टीखाली मावत नाही आणि मग अक्षरं तिरकी होतात, वाचणाऱ्याची मान वाकडी होते. आणि खरं सांगायचं तर पाचच आकडे असतील तर तक्ताही पुरतो. चार्टने प्रबंधाची पानं भरतात, गाईडही खूश होतात, पण चार्टचं काम एका नजरेत तुलना करून देणं एवढंच आहे. अचूक आकडा कोणी शोधणार असेल तर त्याला तक्ताच द्यावा.

आता अक्षाचा मुद्दा, कारण इथे बोट आपल्याकडेही वळतं. पट्टीची लांबी म्हणजे आकडा. पट्टी शून्यापासून निघाली तर अनुसूचित जातींची पट्टी सर्वसाधारणच्या पट्टीच्या १.७ पट दिसते, आणि आकडेही तेच सांगतात, ४२.९३ भागिले २५.०९. आता अक्ष वीसपासून सुरू करा. सर्वसाधारणची पट्टी उरते पाच टक्क्यांची, अनुसूचित जातींची तेवीसची. डोळ्याला फरक दिसतो साडेचार पट. असा कापलेला अक्ष आपल्या बाजूच्या पोस्टरवरही दिसतो. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, अन्याय ठसठशीत दिसावा. पण समोरच्याला एवढंच निमित्त हवं असतं. तो अक्षाकडे बोट दाखवतो आणि वाद त्या क्षणी गरिबीवरून पोस्टरवर सरकतो. मग ४२.९३ हा आकडाच संशयित ठरतो, जो सरकारने स्वतः विधानसभेत ठेवला होता. १.७ पट हा फरक लहान नाही. त्याला फुगवायची गरज नाही.

हेतू नसतानाही अक्ष कापला जातो, ते जास्त धोक्याचं. एक्सेलमध्ये नुसत्या अतिमागास आणि मागास या दोनच वर्गांचा उभा स्तंभालेख करून पाहा. ३३.५८ आणि ३३.१६, फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी पडद्यावर एक पट्टी उंच आणि दुसरी बुटकी दिसेल. कारण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या भागापेक्षा कमी असला की एक्सेल अक्ष आपोआप शून्याच्या वरून सुरू करतं. यावर ‘मागासांपेक्षा अतिमागास कितीतरी गरीब’ असं वाक्य कोणी लिहिलं तर चूक लिहिणाऱ्याची, पण चकवा सॉफ्टवेअरचा. उपाय सोपा आहे. अक्षाच्या आकड्यांवर उजवं क्लिक, `Format Axis`, तिथे `Minimum` समोर 0 टाकायचं. दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या होतात, आणि या तक्त्यापुरतं तेच खरं आहे.

शून्याचा हा आग्रह पट्ट्यांसाठी आहे. रेषा किंवा ठिपके काढले तर डोळा लांबी मोजत नाही, जागा पाहतो. म्हणून साक्षरतेचा दर दर दहा वर्षांनी कसा सरकला हे रेषेने दाखवताना अक्ष तीसपासून सुरू केला तरी चालतं, फक्त अक्षावर तसं ठळक लिहिलेलं हवं. एकाच आलेखात डावीकडे एक अक्ष आणि उजवीकडे दुसरा अक्ष असा प्रकार मात्र टाळलेला बरा. दोन अक्ष वेगवेगळे ताणून कोणत्याही दोन रेषा एकमेकींना कापताना दाखवता येतात.

याच अहवालात एक आणखी तक्ता आहे, आणि मला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. सगळ्या कुटुंबांची उत्पन्नानुसार विभागणी अशी दिली आहे. सहा हजारांपर्यंत ३४.१३ टक्के, सहा ते दहा हजार २९.६१, दहा ते वीस हजार १८.०६, वीस ते पन्नास हजार ९.८३ आणि पन्नास हजारांच्या वर ३.९०. याचे पाच सारख्या रुंदीचे स्तंभ काढले की छान उतरता जिना दिसतो. सर्वांत तळाला सर्वाधिक गर्दी, वर जाल तशी ती विरळ.

पण पायऱ्या सारख्या नाहीत. पहिला गट सहा हजार रुपये रुंद आहे, दुसरा चार हजार, तिसरा दहा हजार, चौथा तीस हजार. चार हजारांच्या खोलीत २९.६१ टक्के आणि सहा हजारांच्या खोलीत ३४.१३ टक्के असतील तर जास्त दाटी कुठे आहे? दर हजार रुपयांमागे हिशेब करा. पहिल्या गटात ५.७ टक्के, दुसऱ्यात ७.४, तिसऱ्यात १.८, चौथ्यात एक तृतीयांश टक्का. सर्वांत जास्त दाटी दारिद्र्याच्या रेषेखाली नाही, रेषेच्या अगदी वर आहे. महिन्याला सहा हजार एक रुपया मिळवणारं कुटुंब या तक्त्यात गरीब नाही. दहा हजारांपर्यंतची सगळी कुटुंबं एकत्र मोजली तर ती ६३.७४ टक्के होतात. सारख्या रुंदीचे स्तंभ काढणाऱ्याला हे दिसतच नाही. म्हणून गट असमान असतील तर स्तंभांची रुंदी गटाच्या रुंदीएवढी ठेवून उंची ‘दर हजार रुपयांमागे’ काढायची. ते जमत नसेल तर स्तंभ सोडून तक्ता द्यायचा आणि खाली एका वाक्यात गट असमान असल्याचं सांगायचं. शेवटच्या, पन्नास हजारांवरच्या गटाला वरची हद्दच नाही, त्यामुळे त्याचा स्तंभ खऱ्या रुंदीने काढताच येत नाही. तो शब्दांतच सांगावा लागतो.

या पाच गटांची बेरीज ९५.५३ येते. उरलेले ४.४७ टक्के या गटांत कुठेच नाहीत. एक्सेलच्या `100% Stacked` प्रकारात हे आकडे टाकले तर ते उरलेले गायब होतात आणि बाकीचे सगळे थोडे थोडे फुगतात. ३४.१३ चे ३५.७३ होतात. त्या कुटुंबांची एक वेगळी राखाडी पट्टी ठेवावी. आपल्या छोट्या सर्व्हेतही उत्पन्नाच्या प्रश्नाला काही जण उत्तर देत नाहीत. तेही त्या दिवशी घरी होतेच.

‘गरीब’ या शब्दाची व्याख्याही चार्टवर लिहावी लागते. ‘सवर्णांतही चारांतलं एक कुटुंब गरीब’ हे वाक्य बिहारच्या तक्त्यानुसार खरं आहे. पण तिथे गरीब म्हणजे वर्षाला ७२ हजार रुपयांपर्यंत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाची उत्पन्नमर्यादा वर्षाला आठ लाख आहे, म्हणजे महिन्याला सुमारे ६६ हजार. बिहारच्या तक्त्यात पन्नास हजारांच्या वर जाणारी कुटुंबंच चार टक्क्यांहून कमी आहेत. एका व्याख्येने मोजलेला आकडा दुसऱ्या व्याख्येच्या समर्थनाला लावला जातो, आणि चार्टवर व्याख्या छापलेली नसल्यामुळे तो खपून जातो.

आता गर्दी. बिहारच्या सर्वेक्षणात दोनशेहून अधिक जातींची नोंद आहे. त्या सगळ्या एका आलेखात कोंबल्या तर काही दिसणार नाही, हे सांगायला नको. पण गर्दी कमी करताना कोणाला ठेवलं आणि कोणाला सरासरीत बुडवलं, ही निवड निष्पाप नसते. अहवाल आल्यावर ‘सवर्णांत भूमिहार सर्वाधिक गरीब’ अशा बातम्या आल्या. भूमिहारांत गरीब कुटुंबं २७.५८ टक्के आणि कायस्थांत १३.८३, हेही अहवालातलंच. समजा आपण चार्टमध्ये सर्वसाधारण प्रवर्गाच्या चार जाती चार पट्ट्यांनी दाखवल्या आणि शेजारी अनुसूचित जातींची एकच पट्टी ठेवली, तर एका बाजूला माणसं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला ठोकळा. त्या ठोकळ्याच्या आत दुसाध ३९.३६ टक्के आहेत, चमार ४२.०६ आणि मुसहर ५४.५६. मुसहरांची निम्म्याहून जास्त कुटुंबं महिना सहा हजारांच्या आत आहेत, आणि ४२.९३ ही सरासरी ते झाकते. उघडायचं तर दोन्ही प्रवर्ग सारखेच उघडावेत, नाहीतर दोन्ही बंद ठेवावेत.

अशा वेळी एक आलेख न काढता छोटे दोन काढावेत. एकात सर्वसाधारणमधल्या जाती, दुसऱ्यात अनुसूचित जातींमधल्या, दोन्हींचा अक्ष तोच, शून्य ते साठ. अक्ष वेगळे ठेवले तर कायस्थ आणि मुसहर एकाच उंचीचे दिसू शकतात. दोन्हींत राज्याच्या ३४.१३ ची एक बारीक उभी रेघ ओढली की कोण त्या रेघेच्या कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं. बाकी सगळ्या पट्ट्या राखाडी आणि ज्याबद्दल परिच्छेदात बोलायचं आहे ती एकच गडद. त्रिमिती परिणाम, सावल्या, पार्श्वभूमीच्या जाळ्या काढून टाकाव्यात. त्रिमितीत तर पट्टीचं टोक नेमकं कोणत्या आकड्यावर आहे तेच कळत नाही. आणि निळा, भगवा, हिरवा असे सात रंग भरण्याआधी एवढं आठवावं की प्रबंधाची प्रत पुढे झेरॉक्सच्या दुकानात जाते. तिथून बाहेर पडताना सातही रंग एकाच राखाडी छटेचे होतात.

बिहारमध्ये घरोघर जाऊन सगळी कुटुंबं मोजली गेली, म्हणून तिथे दशांशाखालचे दोन अंक लिहायला हरकत नाही. आपण एम.ए.साठी एका वस्तीतल्या ६० घरांचा सर्व्हे करतो आणि ४१.६७ टक्के असं लिहितो, तेव्हा त्या दोन अंकांमागे काही नसतं. एक घर इकडचं तिकडे झालं की दीड टक्क्याहून अधिक फरक पडतो. तिथे ‘६० पैकी २५ घरं’ असं लिहावं. त्यातही उपगट केले आणि आदिवासींची सातच घरं निघाली तर त्यांचा टक्का काढून पट्टी उभी करू नये. सात घरांबद्दल जे कळलं ते वाक्यांत लिहावं.

बिहारच्या पाच पट्ट्यांच्या आलेखाखाली मी असा मजकूर टाकेन: ‘प्रत्येक प्रवर्गातील एकूण कुटुंबांपैकी महिन्याला सहा हजार रुपये किंवा कमी उत्पन्न असलेली कुटुंबं, टक्क्यांत. प्रवर्गातील कुटुंबं (लाख): अनुसूचित जाती ५४.७२, अनुसूचित जमाती ४.७०, अतिमागास ९८.८४, मागास ७४.७३, सर्वसाधारण ४३.२८. “अन्य” वगळले आहेत. अक्ष शून्यापासून. बिहार सरकारचं जातआधारित सर्वेक्षण, अहवाल नोव्हेंबर २०२३.’ चार-पाच ओळी लागतात. पोस्टरवर एवढी जागा नसेल तर एखादं चित्र कमी करावं.